टाच दुखते ती ‘औषधाच्या उष्णते’ने?

‘लघवीच्या इन्फेक्शनला सिप्रो घेतली. पाचव्या दिवसापासून टाचेमागे दुखतंय. सगळे म्हणतात औषधाची उष्णता आहे, तेल चोळून चाला. चालू का?’ – दादरचे एक काका, वय 66

नका चालू, काका. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही औषधं क्वचित पोटरीला टाचेशी जोडणारा टेंडन कमकुवत करतात; कोर्स संपल्यावर काही महिन्यांनीही. साठीपुढे धोका वाढतो, आणि दम्यासाठी स्टेरॉइड चालू असेल तर आणखी.

टाचेच्या दोन-तीन बोटं वर हा टेंडन हलकेच चिमटीत धरा. तिथंच जाडसर, दुखरं लागलं, तर चोळणं बंद, स्टेशनचा जिना बंद. आजच डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घ्या. ‘फट्’ असा आवाज होऊन चवड्यावर उभं राहता येईना, तर थेट हॉस्पिटल गाठा.