एचडीएमआय ते व्हीजीए: नुसती वायर की कन्व्हर्टर?

लॅपटॉपचे एचडीएमआय सॉकेट जुन्या प्रोजेक्टरच्या व्हीजीए सॉकेटला जोडायचे, तर दुकानात दोन वस्तू शेजारीशेजारी टांगलेल्या असतात. एक म्हणजे एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला निळी, पंधरा पिनांची व्हीजीए असलेली लांब वायर. दुसरी म्हणजे आखूड शेपटीची डबी. वायर सुटसुटीत दिसते म्हणून बरेच जण तीच उचलतात आणि पडद्यावर ‘No Signal’ बघत बसतात.

लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून आकडे बाहेर पडतात. व्हीजीएला मात्र लाल, हिरवा, निळा अशा तीन रंगांचे कमीजास्त होणारे व्होल्टेज लागते. आकड्यांचे व्होल्टेज करायला चिप हवी. डबीत ती असते, नुसत्या वायरीत नसते. काही वायरींच्या टोकातही चिप असते, म्हणून वेष्टनावर Active किंवा Converter लिहिलेय का ते बघा. दिशाही बघा: ‘VGA to HDMI’ डबी उलट्या कामाची आहे, इथे तिचा उपयोग नाही.

आता चित्र कसे दिसेल? परवा एका शाळेत जुना प्रोजेक्टर जोडला. त्याचे मूळ रेझोल्यूशन 1024×768, लॅपटॉपचे 1920×1080. दोन्हीकडे एकच चित्र लावले होते, त्यामुळे लॅपटॉपचे 1920 ठिपके प्रोजेक्टरच्या 1024 ठिपक्यांत कोंबले जात होते. गुणपत्रिकेतला 3 कुठला आणि 8 कुठला, मागच्या बाकावरून कळेना. सगळे डबीला दोष देत होते, पण ती बिचारी निर्दोष. Win+P दाबून Extend निवडले, डिस्प्ले सेटिंगमध्ये प्रोजेक्टरपुरते 1024×768 लावले, आणि आकडे सुटे दिसू लागले.

तरीही अक्षरांच्या कडा थरथरत असतील, तर प्रोजेक्टर व्होल्टेज चुकीच्या क्षणी मोजतोय असे समजा. पूर्ण पांढऱ्या पानावर बारीक मजकूर उघडा आणि रिमोटवरचे Auto दाबा. काळ्या स्लाइडवर दाबलेत तर त्याला चित्राची कड सापडत नाही आणि चित्र एका बाजूला सरकून बसते.

पांढरा कागद पिवळा दिसला तर निळ्या रंगाची पिन वाकली आहे किंवा प्लग नीट बसलेला नाही. अक्षरांच्या उजवीकडे फिकट सावली पडत असेल, तर संशय छतातून नेलेल्या लांब व्हीजीए वायरीवर घ्या. तिथे Auto चा फारसा उपयोग होत नाही, आखूड वायर लावून खात्री करा.

स्लाइड आणि तक्ते या जोडणीवर मजेत चालतात. आवाज मात्र व्हीजीएतून जातच नाही, तो डबीच्या ऑडिओ जॅकमधून किंवा लॅपटॉपवरूनच काढावा लागतो. आणि काही ओटीटी चित्रपट नकलेपासून संरक्षित असल्याने इथे काळेच दिसतात.