ओट्याखालचा सिलिंडर आणि डोक्यावरची चिमणी

साताऱ्यातल्या एखाद्या नव्या फ्लॅटमधलं दहा बाय आठ फुटांचं स्वयंपाकघर घ्या. सिलिंडर ओट्याखालच्या कपाटात, पल्ला घट्ट बंद, वर चिमणी. चिमणी आहे म्हणजे गळलेला गॅसही ती ओढून नेईल, असं बरेच जण धरून चालतात. ती नेत नाही.

एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. गळला की जमिनीलगत पसरतो. चिमणी ओढते ती शेगडीवरची गरम वाफ. हवेत साधारण दोन टक्के गॅस मिसळला की मिश्रण पेट घेऊ शकतं. दोन फूट रुंद, दोन फूट खोल आणि अडीच फूट उंच कपाटात 10 घनफूट हवा मावते. तिच्या दोन टक्क्यांना जेमतेम बारा ग्रॅम गॅस पुरतो, आणि भरलेल्या सिलिंडरमध्ये तो 14.2 किलो असतो.

म्हणून सुताराला पल्ल्याच्या अगदी खालच्या कडेला जाळी लावायला सांगा आणि दुसरी वरच्या कडेला. तेवढ्यानं गॅस फक्त कपाटातून खोलीत येतो; बाहेर जायला बाहेरच्या भिंतीत जमिनीलगत झरोका हवाच. सिलिंडर उभाच ठेवावा, सांडपाण्याच्या जाळीपासून लांब. नळी दीड मीटरच्या आत असावी. कपाटाला पाडलेल्या भोकाची कड नळीला घासते, तिथे रबरी कडं बसवा. जोडांवर साबणाचा फेस लावला की गळती बुडबुड्यांनी कळते.

आता चिमणीचा पाइप. मशीनचं तोंड सहा इंची असताना भिंतीत आयतं चार इंची भोक आहे म्हणून पाइप तिथे आवळून बसवतात. हे काम सर्रास होतं आणि सगळ्यात जास्त नडतं. चार इंची पाइपचं क्षेत्रफळ सहा इंचीच्या निम्म्याहूनही कमी. तेवढीच हवा ढकलायला दाब सात-आठ पट लागतो. मग आवाज वाढतो, धूर घरातच राहतो. पाइप शक्य तितका आखूड ठेवा, काटकोनी वळण एखादंच असू द्या, सुरकुत्यांचा पाइप पूर्ण ताणून लावा आणि त्याला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या. साताऱ्याचा पाऊस पश्चिमेकडून झोडपतो. तोंड त्या बाजूला काढावंच लागलं तर झडप असलेलं टोपण बसवा.

बाहेर जाते तेवढी हवा आत यायलाही हवी. चिमणी चालू करून तिच्या जाळीला टिश्यू पेपर लावून बघा, आधी खिडकी बंद ठेवून, मग उघडून. खिडकी उघडल्यावर तो जास्त घट्ट चिकटला, तर हवा आत यायला वाट कमी आहे. दोन्ही वेळा लोंबकळला, तर आधी जाळीतलं तेल साफ करा, मग पाइप तपासा. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर खिडकी बंद ठेवून चिमणी चालवूच नका. गिझरचा कार्बन मोनॉक्साइड उलटा घरात ओढला जातो, आणि त्याला वास नसतो.

पुढे पाइपचा गॅस आला की हिशेब उलटतो. तो मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, म्हणून त्याला छतालगत झरोका लागतो. खालचा मात्र बुजवू नका, ताजी हवा तिथूनच येते. दोन्हींपैकी कुठल्याही गॅसचा वास आला तर चिमणीचं बटण दाबू नका, चालू असेल तर बंदही करू नका. ठिणगी बटणातच पडते. रेग्युलेटर किंवा पाइपचा कॉक बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर पडून मग फोन करा: सिलिंडरचा गॅस असेल तर 1906 वर, पाइपचा असेल तर गॅस कंपनीच्या आपत्कालीन नंबरवर.