पार्श्वभूमी : रांगेतला निरोप 'एकदाच' पोचतो का?

कोल्हापूर परिसरातल्या साखर कारखान्यांच्या वजनकाट्यावर हल्ली उसाची गाडी रिकामी होऊन बाहेर पडते, तोवर शेतकऱ्याच्या मोबाईलवर वजनाचा मेसेज आलेला असतो. काटा, शेतकऱ्याचं खातं आणि एसएमएस ही तीन कामं एकमेकांसाठी खोळंबू नयेत म्हणून मध्ये क्लाउडवरची रांग, म्हणजे क्यू, ठेवतात. अशा रांगा बँकांच्या मोठ्या संगणकांवर फार पूर्वीपासून होत्या, पण तिथे सर्व्हर आणि देखभाल आपलीच असे. भाड्याने मिळणारी ॲमेझॉनची रांग चाचणी स्वरूपात 2004 मध्ये आली आणि 2006 मध्ये एसक्यूएस या नावाने सर्वांना खुली झाली.

त्या रांगेने पहिल्यापासून एकच वचन दिलं होतं : निरोप किमान एकदा पोचेल. म्हणजे दोनदाही पोचू शकतो. पुढचा सगळा गोंधळ या 'किमान'पाशी आहे.

रांगेतून निरोप उचलला की तो लगेच पुसला जात नाही, ठरावीक वेळ इतरांपासून लपवला जातो. काम झाल्यावर उचलणाऱ्याने तो स्वतः पुसायचा. ही लपवण्याची मुदत म्हणजे `VisibilityTimeout`, आणि काहीच बदललं नाही तर ती 30 सेकंद असते. उचलणारा प्रोग्रॅम मध्येच बंद पडला तरी निरोप हरवू नये म्हणून ही सोय केलेली आहे. पण प्रोग्रॅम बंद न पडता नुसता रेंगाळला, तरी रांगेला त्यातला फरक कळत नाही.

2017-18 च्या गळीत हंगामात आमच्याकडे नेमकं हेच झालं. एका खेपेचं भरलेलं वजन 21.340 टन, रिकामं 7.120, म्हणजे ऊस 14.220 टन. आमचा प्रोग्रॅम निरोप उचलून आधी एसएमएस पाठवायचा आणि मग खात्यात नोंद करायचा. त्या रात्री एसएमएसची सेवा मंद होती, उत्तर यायला 41 सेकंद लागले. तिसाव्या सेकंदाला निरोप पुन्हा दिसू लागला आणि दुसऱ्या प्रोग्रॅमने तो उचलला. खात्यात 14.220 टन दोनदा चढले. शेतकऱ्याने स्वतः येऊन पावती दाखवली : "खेप एक, मेसेज दोन." काट्यावरचा विश्वास हा इथे आधीच नाजूक विषय आहे, त्यामुळे जादा चढलेलं वजनही आम्हाला कमी वजनाइतकंच लागलं. लॉगमध्ये त्या निरोपाचा `ApproximateReceiveCount`, म्हणजे तो किती वेळा उचलला गेला याचा आकडा, 2 होता. हा आकडा आम्ही आधीपासून पाहत असतो, तर शेतकऱ्याच्या आधी आम्हालाच कळलं असतं.

वर्षभरापूर्वी, नोव्हेंबर 2016 मध्ये, फिफो रांग आली होती. क्रम पाळणारी, आणि 'नेमकं एकदाच' असं शीर्षक घेऊन आलेली. हे शब्द निवडण्याचा निर्णय माझ्या मते चुकीचा होता. आमच्यासह अनेकांनी त्याचा अर्थ 'आता दुबार नोंदीची चिंता नको' असा घेतला. प्रत्यक्षात ही रांग पाठवताना झालेली पुनरावृत्ती ओळखते, तीही 5 मिनिटांच्या आत झालेलीच. काट्यावरच्या संगणकाने निरोप पाठवला, पोच मिळण्याआधी इंटरनेट गेलं आणि 20 मिनिटांनी तोच निरोप पुन्हा पाठवला, तर रांग त्याला नवा धरते. आणि 41 सेकंदांचा आमचा घोळ फिफोमध्येही तसाच झाला असता, कारण लपवण्याची मुदत संपली की तीही निरोप परत देते.

म्हणून 'एकदाच'ची हमी रांगेकडे न मागता खात्याच्या डेटाबेसमध्येच बसवावी लागते. आम्ही पावती क्रमांकावर युनिक बंधन घातलं :

```
INSERT INTO us_nond (pavati_no, khate_no, vajan)
VALUES ('B-20418', 1173, 14.220)
ON CONFLICT (pavati_no) DO NOTHING;
```

आता निरोप दहा वेळा आला तरी ओळ एकच राहते. मात्र एकूण वजन वेगळं साठवून वाढवत न जाता या ओळींची बेरीज करूनच काढायचं, नाहीतर चूक दुसऱ्या दाराने परत येते.

दुसरा बदल मांडणीतला होता. 'एसएमएस पाठव' हा हुकूम रांगेत टाकण्याऐवजी 'वजन झालं' ही घटना जाहीर करायची, आणि खातं व एसएमएस यांना आपापली रांग द्यायची. एका घटनेच्या प्रती अनेक रांगांत टाकणारी एसएनएस सेवा 2010 पासून होतीच. जून 2018 मध्ये रांगेत निरोप आला की लॅम्डा फंक्शन, म्हणजे गरजेपुरता चालणारा छोटा प्रोग्रॅम, आपोआप चालू होऊ लागलं आणि सतत रांग तपासणारे आमचे प्रोग्रॅम निवृत्त झाले. तेव्हाही लपवण्याची मुदत फंक्शनच्या कमाल वेळेच्या किमान सहापट ठेवावी, अशी सूचना आहे. पाच वेळा उचलूनही न जमलेला निरोप आम्ही बाजूच्या रांगेत, डेड लेटर क्यूमध्ये, काढतो आणि सकाळची पाळी तो हाताने तपासते.

एसएमएस मात्र अजूनही कधीतरी दोनदा जातो. तो पाठवणं आणि पाठवल्याची नोंद करणं या दोन कृती एकाच व्यवहारात बांधता येत नाहीत. म्हणून मेसेजमध्ये पावती क्रमांक सर्वांत आधी छापतो, म्हणजे दोन्ही मेसेज एकाच खेपेचे आहेत हे शेतकऱ्याला लगेच दिसतं.