‘एखादा प्रसंग सांगा’ म्हटल्यावर आठवण का अडते?

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत चार-पाच वर्षं काढलेला माणूस टीम लीडच्या पहिल्या मुलाखतीला बसतो, तेव्हा तांत्रिक प्रश्नांची त्याला फारशी भीती नसते. तो अडतो दुसऱ्याच प्रश्नावर: ‘तुमच्या हाताखाली नसलेल्या माणसाकडून तुम्ही एखादी गोष्ट करून घेतली, असा प्रसंग सांगा.’ उत्तर येतं, ‘मी सगळ्यांना बरोबर घेऊन काम करतो, सगळ्यांशी नीट बोलतो.’ माणूस खोटं बोलत नसतो. पण या वाक्यांत प्रसंग नाही, त्यामुळे समोरच्याच्या कागदावर लिहिण्यासारखं काहीच येत नाही.

हा प्रश्न असा का विचारतात, याला इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलासाठी काम करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांच्यापुढे चांगला नेता कसा ओळखायचा हा प्रश्न होता. ‘धाडसी’, ‘समजूतदार’ असे शब्द प्रत्येक जण आपल्या मनाप्रमाणे वापरतो. म्हणून त्यांनी लढाईतून आलेल्या माणसांना गुण विचारले नाहीत. कोणी नेमकं काय केलं आणि त्यामुळे काम कसं सुधारलं किंवा बिघडलं, असे घडलेले प्रसंग विचारले. ही पद्धत त्यांनी 1954 साली सविस्तर मांडली. पुढे नोकरीच्या मुलाखतीतही याच धाटणीचे प्रश्न आले. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न विचारायचे आणि उत्तरांना आधी ठरवलेल्या मोजपट्टीवर गुण द्यायचे, अशा आखीव मुलाखतीवरून माणूस पुढे काम कसं करेल याचा अंदाज मोकळ्या गप्पांपेक्षा चांगला येतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. तरी तो अंदाजच असतो. 2022 साली पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी जुने अभ्यास पुन्हा तपासले, तेव्हा आखीव मुलाखत आणि प्रत्यक्ष कामगिरी यांचा सहसंबंध सरासरी 0.42 निघाला. 1 म्हणजे पूर्ण मेळ आणि 0 म्हणजे काहीच मेळ नाही, हे लक्षात घेतलं तर निवडीच्या साधनांत हा आकडा वरचा आहे, पण एका मुलाखतीवरून माणसाची लायकी ठरत नाही हेही त्यातच दिसतं.

आता आठवणीकडे येऊ. स्वतःच्या आयुष्याची स्मृती थरांनी साठते, असं मार्टिन कॉनवे या मानसशास्त्रज्ञाने मांडलं. वरच्या थरात मोठे कालखंड असतात, ‘मी फाउंड्रीत होतो तेव्हा’ असे. त्याखाली वारंवार घडलेल्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. एका विशिष्ट दिवसाचा तपशील सगळ्यात खाली असतो. ‘नेतृत्व’ या शब्दाचा धागा धरून शोधायला गेलं की मन वरच्या थरातच थांबतं, कारण तो दिवस घडत होता तेव्हा त्यावर कोणी ‘नेतृत्व’ अशी चिठ्ठी लावलेली नव्हती. त्या दिवशी तिथे मशीन होतं, शिफ्ट होती, कोणाचा तरी चढलेला आवाज होता. म्हणून तयारी करताना गुणांची यादी घेऊन बसू नये. माल परत आला ती वेळ, नवा मुलगा शिकायला आला ते दिवस, दोन शिफ्टमध्ये वाजलं तो आठवडा, अशा जागांवरून मन फिरवावं. जुने शिफ्ट रिपोर्ट आणि व्हॉट्सॲपचे ग्रुप या कामाला फार उपयोगी पडतात.

एक कल्पित पण आपल्या भागात सहज घडेल असं उदाहरण घेऊ. एक डिप्लोमावाला फाउंड्रीत कास्टिंग तपासतो. काही दिवस ब्लोहोलमुळे, म्हणजे कास्टिंगमध्ये राहिलेल्या पोकळ्यांमुळे, रिजेक्शन वाढलं आहे. मोल्डिंगवाले मेल्टिंगकडे बोट दाखवतात, मेल्टिंगवाले मोल्डच्या वाळूकडे. हा पोरगा रिजेक्ट झालेल्या कास्टिंगच्या मोल्डची वेळ लिहून ठेवतो. खराब माल बहुतेक जेवणाच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या तासातला निघतो. कारण शोधताना लक्षात येतं की लाइन चालू असताना परत येणारी वाळू गरम असते, तिच्यातलं पाणी उडतं, म्हणून मिक्सरवरचे जुने ऑपरेटर पाणी थोडं जास्त सोडतात. सुट्टीत वाळू गार होते, पाणी मात्र तेवढंच पडतं. ओलावा वाढतो, धातूचा रस ओतल्यावर वाफ होते आणि ती बाहेर पडली नाही की कास्टिंगमध्ये पोकळी राहते.

इथवर झालं ते तांत्रिक काम. लीडच्या मुलाखतीला लागणारा भाग पुढे आहे. ऑपरेटर वयाने आणि अनुभवाने मोठे, वाळू मुठीत दाबून अंदाज घेणारे. त्यांची चूक सुपरवायझरकडे नेता आली असती. पण तो त्यांच्याकडेच जातो आणि म्हणतो, “मामा, सुट्टीनंतरच्या पहिल्या मिक्सचा तुमचा अंदाज आणि लॅबचं रीडिंग शेजारी-शेजारी लिहूया का?” पहिल्या दिवशी मामा “बघू” म्हणून टाळतात. दुसऱ्या दिवशी तो स्वतः नमुना लॅबमध्ये नेतो. गरम वाळूला मामांचा अंदाज बरोबर येतो, गार वाळूला चुकतो. मग सुट्टीनंतर पाणी कमी सोडायचं हे मामाच ठरवतात आणि दुसऱ्या शिफ्टलाही तेच सांगतात.

ही गोष्ट दोन मिनिटांत सांगून होते. परिस्थितीला दोन-तीन वाक्यं पुरतात. बहुतेक उमेदवार मात्र वाळूच्या शास्त्रात अडकतात आणि मामांशी झालेलं बोलणं ‘मग त्यांना समजावलं’ एवढ्यात उरकतात. मला विचाराल तर गुण त्याच एका वाक्यात दडलेले असतात. सुपरवायझरकडे का गेला नाहीस? मामांनी टाळलं तेव्हा काय केलंस? रिजेक्शन खरंच कमी झालं हे कशावरून, की त्याच आठवड्यात आणखी काही बदललं होतं? असे उपप्रश्न येणारच. रचलेली गोष्ट इथे उघडी पडते, कारण रचणाऱ्याकडे मामांचं ‘बघू’ नसतं. श्रेयाची वाटणीही आधीच स्वच्छ करून ठेवावी: वेळा मी लिहिल्या, पाणी मामांनी बदललं, रीडिंग लॅबने दिलं. सगळंच ‘आम्ही केलं’ म्हटलं तर तुमचं काम दिसत नाही, आणि सगळंच स्वतःकडे ओढलं तर लीड म्हणून तुम्ही इतरांशी कसं वागाल ते दिसून जातं.

सराव करताना पूर्ण उत्तर लिहून पाठ करू नका. रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 साली विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर त्यातलं सुमारे 40 टक्के आठवलं. एकाच सत्रात वाचून मग न बघता तीन वेळा आठवून काढणाऱ्यांना सुमारे 61 टक्के आठवलं. म्हणून प्रत्येक प्रसंगाला पाच-सहा शब्दांची चिठ्ठी करावी, तीही न बघता मोठ्याने सांगावं आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा सांगावं. ऐकायला दुसऱ्या खात्यातला मित्र बसवा आणि त्याला मध्येच अडवायला सांगा. तुमच्या तोंडी ‘नेहमी’, ‘सहसा’, ‘मी असं करतो’ येऊ लागलं, की तुम्ही पुन्हा वरच्या थरात गेलात हे त्याच्या लगेच लक्षात येईल.

काही जण ‘दोन ऑपरेटर भांडले तर काय कराल?’ असा अजून न घडलेल्या प्रसंगाचा प्रश्न विचारतात. लीडचा अनुभव नसलेल्याला हा जास्त येतो. आधी सरळ काय कराल ते सांगा आणि मग ‘याच्या जवळचं एकदा झालं होतं’ म्हणून प्रसंग जोडा. छोट्या वर्कशॉपमध्ये मालक स्वतः मुलाखत घेतात. गाव कुठलं, आधी कुठे होता, सोडून का आला, अशा गप्पाच जास्त होतात. तिथे प्रसंग कोणी मागणार नाही. ‘आधीच्या ठिकाणी काय बघत होता?’ असं विचारलं, की पदाचं नाव सांगून थांबू नका, सुट्टीनंतरच्या त्या वाळूची गोष्ट तिथेच सांगायला घ्या.