संदर्भ मर्यादा कशा ठरतात आणि निरोगी माणूसही त्यांच्याबाहेर का जातो

रक्ततपासणीच्या रिपोर्टवर प्रत्येक आकड्याशेजारी दोन मर्यादा छापलेल्या असतात आणि आपला आकडा त्यांच्याबाहेर गेला की तो ठळक अक्षरांत येतो. या मर्यादा आजाराचा अभ्यास करून ठरवलेल्या असतात, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्या ठरवताना आजारी माणसांच्या रक्ताचा सहसा विचारच झालेला नसतो.

क्रिएटिनिनचे उदाहरण घेऊ. स्नायूंमध्ये सतत तयार होणारा हा पदार्थ मूत्रपिंडे रक्तातून गाळून बाहेर टाकतात. प्रौढ पुरुषांसाठी त्याच्या मर्यादा ठरवायच्या, तर आधी निरोगी म्हणजे कोण हे लिहून ठेवावे लागते. मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेले आणि क्रिएटिनिनवर परिणाम करणारी औषधे घेणारे पुरुष प्रश्नावलीच्या आधारे वगळले जातात. उरलेल्यांपैकी किमान १२० जणांचे रक्त एकाच पद्धतीने घेतले आणि तपासले जाते. मग हे १२० आकडे चढत्या क्रमाने मांडले, की खालून तिसरा आकडा ही खालची मर्यादा आणि ११८वा आकडा ही वरची मर्यादा ठरते. समजा, तिसरा आकडा ०.७४ आणि ११८वा १.३५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आला, तर रिपोर्टवर ०.७४ ते १.३५ असे छापले जाईल. दोन्ही टोकांचे सुमारे अडीच-अडीच टक्के लोक बाहेर राहिले आणि मधले ९५ टक्के आत आले.

१२० ही संख्याही विचारपूर्वक निवडलेली आहे. वरची मर्यादा शेवटच्या मोजक्या माणसांवर उभी असते आणि दुसरे १२० जण घेतले असते, तर ती थोडी सरकली असती. ती किती सरकू शकते याचा ९० टक्के खात्रीचा अंदाज याच यादीतून काढायचा, तर किमान इतकी माणसे लागतात. तेव्हाही त्या अंदाजाची दोन टोके म्हणजे यादीतला ११४वा आणि शेवटचा, १२०वा आकडा असतात. म्हणजे १.३५ ही रेषा रिपोर्टवर दिसते तितकी काटेकोर नसते आणि १.३६ला आजार व १.३४ला आरोग्य मानणे मला तरी या पद्धतीवर अन्याय करणारे वाटते.

मग ९५ टक्केच का? याचे उत्तर शरीरात सापडत नाही, कारण हा एक संकेत आहे. घंटेच्या आकाराच्या वितरणात सरासरीच्या दोन्ही बाजूंना साधारण दोन प्रमाण विचलने मोजली की मधले ९५ टक्के येतात आणि संख्याशास्त्रात रुळलेला हा आकडा प्रयोगशाळांनीही स्वीकारला. गरजेनुसार तो बदलतोही. हृदयाच्या स्नायूला झालेली इजा दाखवणाऱ्या ट्रोपोनिनसाठी निरोगी लोकांपैकी ९९ टक्के जिच्या खाली राहतात, ती वरची मर्यादा वापरली जाते, कारण तेथे विनाकारण वाजलेल्या धोक्याच्या घंटेची किंमत मोठी असते. एकूण कोलेस्टेरॉलची २००ची रेषा तर या पद्धतीने आलेलीच नाही. ती पुढील काळातील हृदयविकाराच्या धोक्यावरून ठरवली गेली आहे.

९५ टक्के स्वीकारल्याचा परिणाम असा, की एकेका तपासणीत प्रत्येक २० निरोगी माणसांमागे सरासरी एक जण बाहेर पडतो. एकाच निरोगी माणसाच्या २० तपासण्या केल्या आणि त्या एकमेकींपासून पूर्ण स्वतंत्र असल्या, तर सगळे आकडे मर्यादेत येण्याची शक्यता ०.९५चा विसावा घात, म्हणजे सुमारे ३६ टक्के उरते. उरलेल्या ६४ टक्क्यांत किमान एक आकडा ठळक छापला जातो. हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट यांसारखे आकडे बरोबरीने हलत असल्यामुळे प्रत्यक्षातले प्रमाण यापेक्षा काहीसे कमी असते. म्हणूनच लक्षणे नसताना, मर्यादेच्या किंचित बाहेर गेलेला एकटा आकडा पाहिल्यावर डॉक्टर अनेकदा तीच तपासणी पुन्हा करायला सांगतात.

याची दुसरी बाजू मला अधिक चिंतेची वाटते. १२० माणसांमधला फरक एकाच माणसाच्या रोजच्या चढउतारापेक्षा बराच मोठा असतो. क्रिएटिनिनच्या बाबतीत तर तो विशेष मोठा असतो, कारण ते स्नायूंच्या प्रमाणावरही अवलंबून असते. एखाद्याचे क्रिएटिनिन वर्षानुवर्षे ०.८च्या आसपास असेल आणि आठवड्याभरात ते १.२ झाले, तर रिपोर्टवर काहीही ठळक होणार नाही, कारण दोन्ही आकडे मर्यादेत आहेत. पण ही दीडपट वाढ आहे, आणि सात दिवसांत झालेली दीडपट वाढ हा मूत्रपिंडाला अचानक इजा झाल्याच्या निदानाचा मान्य निकष आहे. ती ओळखायची, तर शेजारी छापलेल्या मर्यादा अपुऱ्या पडतात आणि त्याच माणसाचा आधीचा रिपोर्ट समोर असावा लागतो.