उघडल्यानंतरचा वापरकाळ (सौंदर्यप्रसाधने)

क्रीम, सीरम किंवा तत्सम प्रसाधन पहिल्यांदा उघडल्यापासून जितके दिवस ते बिनधोक वापरता येते, त्याला उघडल्यानंतरचा वापरकाळ म्हणतात. डबीच्या बुडाशी, बाटलीच्या मागे किंवा खोक्यावर झाकण उचललेल्या बरणीचे छोटे चित्र असते आणि त्यात किंवा त्याशेजारी 6M, 12M असा मजकूर असतो. आकडा महिन्यांचा आहे. तो माल कारखान्यातून निघाल्यापासून किंवा विकत घेतल्यापासून मोजायचा नसतो. सील तुटून आत हवा शिरते त्या दिवसापासून मोजायचा असतो.

युरोपीय संघाने हे चिन्ह मार्च २००५ पासून सक्तीचे केले. आजचा तिथला कायदा २००९ चा असून तो जुलै २०१३ पासून पूर्णपणे लागू झाला. बंद अवस्थेत ३० महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या मालावर बरणीचे चिन्ह द्यावे लागते. त्याहून कमी टिकणाऱ्या मालावर थेट तारीख छापतात किंवा वाळूच्या घड्याळाच्या चित्रापुढे ती लिहितात. एकदाच वापरायच्या पाकिटांना आणि ज्यांचे तोंड कधी उघडतच नाही अशा एरोसोल डब्यांना या चिन्हाची गरज नसते. भारतीय लेबलवर कोणत्या महिन्या-वर्षापर्यंत वापरावे हे छापलेले असते आणि अनेक कंपन्या त्याच्या जोडीला बरणीचे चिन्हही देतात. दोन्ही असतील तेव्हा जी मुदत आधी संपते ती धरायची. समजा, लेबलवर डिसेंबर २०२६ आणि 6M असे दोन्ही आहे. १० मार्च २०२६ ला उघडलेली बाटली १० सप्टेंबरपर्यंत चालेल. तीच १० ऑक्टोबरला उघडली तर सहा महिने मिळणार नाहीत, डिसेंबरअखेर ती बाजूला काढावी लागेल. म्हणून उघडल्याची तारीख मार्करने बाटलीच्या बुडावर लिहावी. खोक्यावर लिहून उपयोग नाही, कारण खोके आधी कचऱ्यात जाते.

हा काळ ठरवताना दोन वेगळ्या गोष्टी पाहिलेल्या असतात: घटक किती वेगाने बिघडतात आणि आत शिरलेल्या जंतूंना प्रिझर्व्हेटिव्ह किती काळ आवरते. पहिला बिघाड बहुतेकदा दिसतो किंवा वासावरून कळतो, दुसरा पुष्कळदा कळतच नाही. त्यामुळे ‘वास तर चांगला येतोय’ एवढ्यावर मुदत वाढवणे चुकीचे आहे.

दिसणाऱ्या बिघाडाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण व्हिटॅमिन सी सीरमचे. त्यातले एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड पाण्यात विरघळलेले असते आणि हवा, उजेड, उष्णता व लोह-तांब्याचे अंश यांमुळे त्याचे ऑक्सिडीकरण होते. आधी डीहायड्रोॲस्कॉर्बिक ॲसिड तयार होते, ते फुटून पुढे पिवळी-तपकिरी संयुगे बनतात. ताजे सीरम रंगहीन किंवा अगदी फिकट पिवळे असते. ते गर्द पिवळे झाले की कस उतरू लागला असे समजावे. नारिंगी किंवा तपकिरी झाले की ते टाकून द्यावे. असे सीरम त्वचेवर आणि उशीच्या अभ्र्यावर तपकिरी डाग पाडते आणि चुरचुरतेही. तपासणीसाठी काळपट काचेच्या बाटलीत डोकावू नये, तिथे रंग कळत नाही. पांढऱ्या बशीत दोन थेंब टाकून दिवसाच्या उजेडात पाहावे. बाटली उघडल्याच्या दिवशी याच बशीतल्या थेंबांचा फोटो काढून ठेवला तर तुलना अचूक होते, कारण काही सीरमे फेरुलिक ॲसिडमुळे किंवा वनस्पतींच्या अर्कामुळे मुळातच पिवळसर असतात.

इथे बाटलीचा आकारही हिशेबात घ्यावा. ड्रॉपरचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर, म्हणजे ३० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ६०० थेंब. रोज चार थेंब वापरले तर ती पाच महिने पुरते. आणि बाटली जशी रिकामी होते तशी आतली हवा वाढून उरलेले सीरम अधिक वेगाने उतरते. एक दिवसाआड वापरणाऱ्याने १५ मिलिलिटरची बाटली घेणे बरे. ड्रॉपर त्वचेला टेकवू नये आणि झाकण लगेच लावावे. असे सीरम फ्रिजमध्ये ठेवता येते, फ्रीझरमध्ये मात्र नाही.

क्रीमचे प्रकरण निराळे आहे. क्रीम म्हणजे तेल आणि पाणी यांचे इमल्शन. उन्हात तापलेल्या गाडीत राहिले किंवा गोठून पुन्हा वितळले की ते दुधासारखे फाटते: वर तेलाचा थर, खाली पाणी आणि बोटाला लागणारे मेणाचे कण. ढवळून ते पूर्ववत होत नाही. नुसते वरवर एकजीव दिसते, पण प्रिझर्व्हेटिव्हचे वाटप बिघडलेलेच राहते. फाटलेल्या सनस्क्रीनवर तर अजिबात विसंबू नये, कारण संरक्षक घटक चेहऱ्यावर सारखे पसरत नाहीत. बदाम, जवस, रोझहिप अशी तेले असलेले क्रीम खवट होते. त्याला जुन्या खोबऱ्याचा किंवा शिळ्या तळणाच्या तेलाचा वास येतो. लावल्यावर तो अधिक कळतो, म्हणून तपासताना थोडे क्रीम मनगटावर चोळून अर्ध्या मिनिटाने हुंगावे. पंपाच्या किंवा ट्यूबच्या तोंडाशी सुकून घट्ट झालेला थर हा एवढ्यावरून बिघाड नव्हे. तो पुसून पुढचे क्रीम पाहावे. तसेच थंडीत नारळतेल असलेला बाम घट्ट होणे हेही स्वाभाविक आहे.

आता जंतूंचे. कडेला हिरवे-काळे ठिपके, झाकणाखाली कापसासारखी वाढ, आपोआप येणारा फेस, फुगलेली ट्यूब किंवा कुबट, आंबूस वास यांपैकी एकही दिसले की संपूर्ण डबी टाकावी. बुरशी वरवर काढून खालचे वापरता येत नाही. पण स्यूडोमोनास किंवा बर्कहोल्डेरियासारखे जंतू वाढूनही क्रीम जसेच्या तसे दिसू शकते. बाजारात येण्यापूर्वी क्रीममध्ये मुद्दाम ठरावीक जंतू व बुरशी मिसळून ती २८ दिवसांत किती मरतात ते पाहतात, पण ती परीक्षा पाणी घुसलेल्या क्रीमची नसते. ओल्या बोटांनी क्रीम काढले, घट्ट वाटते म्हणून त्यात गुलाबपाणी घातले, किंवा मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात झाकण उघडे ठेवून डबी न्हाणीघरात ठेवली, की प्रिझर्व्हेटिव्ह पातळ होते आणि 12M चा आकडा त्या डबीला लागू राहत नाही.

म्हणून रुंद तोंडाच्या डबीतले क्रीम कोरड्या, धुतलेल्या चपट्या चमच्याने काढावे आणि नंतर चमचा धुऊन सुकवावा. हवाबंद पंपाच्या बाटलीत हा धोका कमी असतो. डोळ्यांभोवतीच्या क्रीमला तर मुदतीत एका दिवसाचीही सूट देऊ नये: या भागाच्या मालासाठी प्रति ग्रॅम १०० जंतूंची मर्यादा मानतात, इतर क्रीमसाठी ती १,००० आहे. वापरताना डोळा लाल झाला, चिकट पाणी आले किंवा दुखू लागला तर क्रीम थांबवावे, डबी जपून ठेवावी आणि नेत्रतज्ज्ञांना ती दाखवावी.