नाव एक, नेटवर्क दोन

एकाच नावाचे दोन वायफाय दिसले की लोक म्हणतात, "राउटर दोन असतील." कधी ते खरंच असतं. मोठ्या घरात हॉलमध्ये एक आणि मागच्या खोलीत एक राउटर असतो, दोघांना नाव-पासवर्ड मुद्दाम एकच दिलेलं असतं आणि मागे दोन्ही एकाच कनेक्शनला जोडलेले असतात. फोन चालता चालता एकावरून दुसऱ्यावर जातो आणि आपल्याला कळतही नाही. नेटवर्क एकच, दारं दोन.

दुसरा प्रकार दिसायला हुबेहूब तसाच, पण मागे दोन वेगळी घरं. माझ्या मावशीकडे हेच झालं होतं. ती दुसऱ्या मजल्यावर राहते. तिच्याकडे आणि खाली पहिल्या मजल्यावर एकाच माणसाने एकाच आठवड्यात कनेक्शन जोडलं आणि दोन्हीकडे नाव ठेवलं `Home`, पासवर्ड `12345678`. बेडरूममध्ये मावशीचा फोन खालच्यांचं नेटवर्क पकडायचा. इंटरनेट व्यवस्थित चालायचं, फक्त प्रिंटर सापडायचा नाही. ती महिनाभर प्रिंटरलाच दोष देत होती.

फोन फसतो त्याला कारण आहे. तो नेटवर्क लक्षात ठेवतो ते नाव आणि सुरक्षेच्या प्रकारावरून, राउटरच्या यंत्रावरून नाही. WPA2 या सुरक्षा प्रकारात तर मूळ किल्ली पासवर्ड आणि नाव या दोनच गोष्टींपासून बनते. दोन्ही सारखी असली की किल्लीही सारखी, आणि खालच्यांचं कुलूप आपल्या किल्लीने उघडतं. मग ज्याचा सिग्नल जोरात, तिकडे फोन जातो. पासवर्ड वेगळा असता तर फोन निदान अडला असता, "पासवर्ड चुकीचा" म्हणाला असता. माझ्या मते ते बरं, कारण चूक लगेच दिसते.

ओळखायचं कसं? फोनच्या वायफाय तपशिलात गेटवेचा, म्हणजे राउटरचा पत्ता बघा. मावशीकडे हॉलमध्ये `192.168.0.1` यायचा, बेडरूममध्ये `192.168.1.1`. पण दोन्ही घरी एकाच बनावटीचे राउटर असतील तर हा पत्ताही सारखाच निघू शकतो. मग त्याच वायफायला जोडलेल्या विंडोज लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालवा:

```
netsh wlan show interfaces
```

त्यात BSSID ची ओळ असते. तो त्या राउटरच्या रेडिओचा स्वतःचा क्रमांक. राउटरच्या खालच्या स्टिकरवरच्या मॅक पत्त्याशी तो ताडून बघा. शेवटचे एक-दोन आकडे इकडेतिकडे असू शकतात, पण त्याहून जास्त वेगळा आला तर बहुधा तुम्ही दुसऱ्याच्या घरात आहात.

आम्ही मावशीच्या राउटरचं नाव आणि पासवर्ड दोन्ही बदलले आणि फोनमधलं जुनं `Home` विसरायला लावलं. ते राहिलं असतं तर फोन बेडरूममध्ये पुन्हा खालीच गेला असता. मग खाली जाऊन काकूंनाही पासवर्ड बदलायला सांगितलं, कारण तोवर त्यांचे फोनही मावशीच्या नेटवर्कवर येत असणार.